हापूस वाटपाच्या प्रकल्पाच्या नोंदी: कोणती अट उद्दिष्टात न्यायची?

३ फेब्रुवारी

प्रश्न असा. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतला हापूस दोन पॅकहाऊसमध्ये न्यायचा आहे, एक मिरजोळ्याला आणि दुसरं हातखंब्याला. एका गावाचा त्या दिवसाचा सगळा माल एकाच ठिकाणी जायला हवा. निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे चालत नाही. प्रतवारी गावाच्या लॉटवर होते, अढी लॉटप्रमाणे लावतात, आणि २०१८ च्या भौगोलिक मानांकनानंतर माल कुठल्या बागेतून आला हे शेवटपर्यंत सांगता येणं गरजेचं झालं आहे. लॉट फुटला की हे सगळं विस्कटतं.

प्रत्येक गावासाठी ‘मिरजोळे की हातखंबा’ असा एकच हो-नाहीचा निर्णय आहे. दोन पॅकहाऊसना रोजच्या क्षमतेची अट आहे. गावं वाढली की पूर्णांकी प्रश्न जड होत जातो, म्हणून लॅग्रांज शिथिलीकरणाने खर्चाची खालची मर्यादा काढायची. म्हणजे ‘याच्यापेक्षा स्वस्त वाटप असूच शकत नाही’ असा सिद्ध आकडा हातात घ्यायचा.

आधी चार गावांचा नमुना घेतला आहे. दर खरे नाहीत, प्रत्येक पायरी कागदावर तपासता यावी म्हणून ठरवलेले आहेत. मालाचं एकक १०० पेट्या, खर्चाचं एकक १,००० रुपये. खर्च गावाच्या संपूर्ण लॉटचा आहे.

| गाव | माल | मिरजोळे | हातखंबा |
|---|---|---|---|
| गोळप | ६ | ४ | १० |
| पावस | ५ | ५ | ९ |
| नेवरे | ५ | ७ | ९ |
| मालगुंड | ४ | ६ | ८ |

मिरजोळ्याची क्षमता १०, हातखंब्याची १२. चारही गावांना मिरजोळं स्वस्त पडतं, पण एकूण माल २० आहे. सगळी ओढाताण इथेच आहे.

५ फेब्रुवारी

अटी दोन प्रकारच्या आहेत. पहिली, प्रत्येक गाव नेमकं एका ठिकाणी जावं. दुसरी, पॅकहाऊसची क्षमता ओलांडू नये. आज क्षमतेची अट काढून उद्दिष्टात, म्हणजे कमीत कमी करायच्या एकूण खर्चाच्या सूत्रात, टाकली. मिरजोळ्यासाठी लॅम्डा आणि हातखंब्यासाठी म्यू हे शून्य किंवा त्याहून मोठे गुणक. क्षमतेपेक्षा जितकी एककं जास्त, तितक्या पटीत दंड. कमी असतील तर तेवढीच सूट.

ही सूटच खालची मर्यादा खरी ठेवते. क्षमता पाळणारं कोणतंही वाटप घ्या. त्यात ‘माल वजा क्षमता’ शून्य किंवा ऋण असते, म्हणून दंड धरलेला त्याचा खर्च मूळ खर्चाहून वाढत नाही. शिवाय आता क्षमता मोडणारी वाटपंही शोधात आली, त्यामुळे किमान आणखी खाली जाऊ शकतं, वर नाही. दोन्ही पायऱ्या एकाच दिशेने जातात. गुणक ऋण झाला की पहिली पायरी उलटते आणि मिळालेला आकडा निरुपयोगी ठरतो.

क्षमता बाजूला गेल्यावर प्रत्येक गाव स्वतंत्र होतं. दंड धरून जिकडे स्वस्त, तिकडे जायचं, एवढंच.

```python
w  = [6, 5, 5, 4]
cM = [4, 5, 7, 6]
cH = [10, 9, 9, 8]

def L(lam, mu):
    z, m, h = -10*lam - 12*mu, 0, 0
    for i in range(4):
        a, b = cM[i] + lam*w[i], cH[i] + mu*w[i]
        z += min(a, b)
        if a <= b: m += w[i]
        else:      h += w[i]
    return z, m - 10, h - 12
```

म्यू शून्य ठेवून फक्त लॅम्डा हलवला. लॅम्डा ० असताना सगळी गावं मिरजोळ्याला जातात आणि मर्यादा २२ येते. ०.५ ला २६.५, ०.८ ला २६.८, ०.९ ला पुन्हा खाली येऊन २६.४. शिखर ०.८ वर आहे. सगळे खर्च पूर्णांक असल्यामुळे २६.८ म्हणजे प्रत्यक्षात २७: सत्तावीस हजारांखाली वाटप होणार नाही.

६ फेब्रुवारी

०.८ वर नेमकं काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पावसचा दंडासह खर्च मिरजोळ्याला ५ + ०.८ × ५ = ९, आणि हातखंब्यालाही ९. बरोबरी. पावस मिरजोळ्याला धरलं तर तिथला माल ११, म्हणजे क्षमतेपेक्षा १ जास्त. हातखंब्याला धरलं तर मिरजोळ्याला फक्त गोळपचा ६ उरतो, म्हणजे ४ कमी. या दोन उत्तरांच्या मधलं काहीच उपलब्ध नाही. लॅम्डा किंचित कमी केला की ११ आणि किंचित वाढवला की ६. दंडाचा दर कितीही बारीक केला तरी १० वर बसणारं वाटप त्यातून बाहेर पडत नाही. नेमका गुणक सापडला की योग्य वाटप आपोआप मिळेल, ही अपेक्षा इथे ठेवू नये.

दोन उत्तरांची सरासरी घेऊन माल बरोबर १० करायचा तर पहिल्याला ४/५ आणि दुसऱ्याला १/५ वजन द्यावं लागतं. म्हणजे पावसचा ४/५ माल मिरजोळ्याला. पूर्णांकाची अट सोडून साधा रेषीय प्रश्न सोडवला तर तंतोतंत हेच अपूर्णांकी उत्तर येतं आणि त्याचा खर्चही २६.८ च.

हा योगायोग नाही. १९७४ मध्ये जेफ्रियन यांनी दाखवलं की शिथिल केल्यावर उरलेला प्रश्न पूर्णांकाच्या अटीशिवायही पूर्णांकच उत्तर देत असेल, तर लॅग्रांजची सर्वोत्तम मर्यादा रेषीय शिथिलीकरणाच्या मर्यादेपुढे जात नाही. ‘दोहोंपैकी स्वस्त निवड’ हा प्रश्न अगदी तसाच आहे. त्यामुळे क्षमता शिथिल करण्याचा फायदा वेगात आहे: मोठ्या प्रश्नात सॉल्व्हरशिवाय रेषीय मर्यादेच्या जवळ जाता येतं. घट्ट मर्यादा हवी असेल तर वेगळी अट उचलावी लागेल.

१० फेब्रुवारी

गुणक आपोआप शोधण्यासाठी सबग्रेडियंटची पद्धत. दिशा सोपी आहे: जिथे क्षमता ओलांडली तिथला गुणक वाढवा, जिथे जागा उरली तिथला कमी करा, शून्याखाली जाऊ देऊ नका. अवघड भाग पावलाच्या लांबीचा. नेहमीचं सूत्र पोल्याक यांच्या नावाने ओळखलं जातं:

```
step = theta * (UB - L) / sum(g_i^2)
```

`UB` म्हणजे हाती असलेल्या खऱ्या वाटपाचा खर्च, `L` म्हणजे सध्याच्या गुणकांवरची खालची मर्यादा, `g` म्हणजे प्रत्येक अटीचं उल्लंघन, आणि थीटा म्हणजे पाऊल लहान-मोठं करण्यासाठी आपण ठरवलेला आकडा. आपल्याकडे २८ खर्चाचं वाटप आहे (ते कसं मिळालं ते पुढे १९ तारखेला). थीटा १ धरून शून्यापासून सुरुवात केली.

पहिलं पाऊल: मर्यादा २२, मिरजोळ्याचं उल्लंघन १०. पावलाचा आकार ६/१०० = ०.०६, नवा लॅम्डा ०.६, मर्यादा २६.६. उत्तम.

दुसरं पाऊल: आता उल्लंघन फक्त १. भाजक १०० वरून १ वर आला, पावलाचा आकार १.४ झाला आणि लॅम्डा थेट २ वर गेला. तिथे चारही गावं हातखंब्याला पळतात, मर्यादा १६. तिसऱ्या पावलाला लॅम्डा १.२७ आणि म्यू ०.५९, मर्यादा २५.५. शिखराला हात लागला होता आणि पद्धत तिथून लांब फेकली गेली.

कारण सूत्रातच आहे. ते असं गृहीत धरतं की मर्यादा `UB` पर्यंत चढू शकते. इथे ती २६.८ च्या वर चढणारच नाही, लक्ष्य मात्र २८ चं आहे. शिखराजवळ उल्लंघन लहान होतं, ‘उरलेलं अंतर’ मात्र १.२ च्या खाली येत नाही, म्हणून पाऊल फुगतं. नोंदीत हे ओळखायची खूण: `L` झिगझॅग करतो आणि प्रत्येक मोठ्या घसरणीच्या आदल्या ओळीत `sum(g_i^2)` अगदी लहान असतं.

उपाय थीटात आहे. काही फेऱ्या सर्वोत्तम मर्यादा सुधारली नाही की थीटा निम्मा करायचा आणि सर्वोत्तम मर्यादा देणाऱ्या गुणकांवर परत जायचं. दुसऱ्या पावलाला थीटा ०.१ असता तर लॅम्डा ०.७४ आणि मर्यादा २६.७४ आली असती. हेल्ड आणि कार्प यांनी १९७० आणि १९७१ मध्ये फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नावर ही वाट रुळवली; पुढे थीटा २ पासून सुरू करून निम्मा करत जाण्याचा प्रघात पडला. लहान प्रश्नात २ फार होतो, आम्ही १ ठेवतो.

आणखी एक बारकावा. गुणक शून्यावर आहे आणि उल्लंघन ऋण आहे, अशी अट `sum(g_i^2)` मध्ये धरू नये. पहिल्या पावलाला हातखंब्याचं −१२ धरलं असतं तर भाजक २४४ झाला असता आणि लॅम्डा ०.६ ऐवजी जेमतेम ०.२५ वर पोचला असता. म्यू शून्याखाली जाणारच नव्हता, तरी त्याने लॅम्डाचं पाऊल अडवलं असतं.

१४ फेब्रुवारी

आज उलटं केलं. क्षमतेच्या अटी जागेवर ठेवल्या आणि ‘प्रत्येक गाव एकाच ठिकाणी’ ही अट उद्दिष्टात नेली. ही समानतेची अट आहे, म्हणून प्रत्येक गावाचा गुणक धन किंवा ऋण काहीही चालतो. त्याचा अर्थही सरळ लागतो: गाव उचलल्याबद्दल पॅकहाऊसला मिळणारं बक्षीस. उचलायला लागणारा खर्च वजा बक्षीस ऋण असेल तरच पॅकहाऊसला ते गाव हवंसं वाटतं.

आता गावं स्वतंत्र नाहीत, पॅकहाऊस स्वतंत्र आहेत. प्रत्येकाचा एक नॅपसॅक प्रश्न: क्षमतेत बसणारी गावांची सर्वात फायदेशीर निवड. नॅपसॅकचं अपूर्णांकी उत्तर आणि पूर्णांकी उत्तर वेगळं असतं, त्यामुळे जेफ्रियन यांची आडकाठी इथे लागू नाही.

सुरुवातीचे गुणक: प्रत्येक गावाचा दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त खर्च. इथे तो हातखंब्याचाच: १०, ९, ९, ८. बेरीज ३६. हातखंब्याला प्रत्येक गावाचा निव्वळ खर्च शून्य, म्हणून त्याचा नॅपसॅक ० देतो. मिरजोळ्याला फायदे अनुक्रमे ६, ४, २, २ आणि क्षमता १०. गोळप (६) आणि पावस (५) एकत्र बसत नाहीत, ११ होतात. सर्वात चांगली जोडी गोळप आणि मालगुंड, माल बरोबर १०, फायदा ८. मर्यादा ३६ − ८ = २८.

हाती असलेलं वाटपही २८ चंच आहे. म्हणजे ते सर्वोत्तम ठरलं, एकही पाऊल न टाकता. आधीच्या पद्धतीशी तुलना केली तर फरक कुठून आला ते दिसतं. क्षमता शिथिल केली तेव्हा मिरजोळ्याचा फायदा गोळपचे ६ अधिक पावसच्या ४/५ चे ३.२ असा ९.२ धरला गेला होता. नॅपसॅकने पावसचा तुकडा नाकारला आणि ८ वर थांबला. २६.८ आणि २८ मधलं १.२ चं अंतर म्हणजे तेवढाच तुकडा.

इथे मर्यादा पूर्ण उत्तरापर्यंत पोचली, कारण अडचण एकाच पॅकहाऊसची होती. तीन-चार पॅकहाऊस एकदम भरायला आली की ही मर्यादाही सर्वोत्तम खर्चाच्या थोडी खाली राहू शकते. तरी ती रेषीय मर्यादेपेक्षा वाईट कधीच नसते.

कोड लिहिताना एक जागा जपावी. हातखंब्याला सगळी गावं शून्य खर्चाची आहेत. ‘फायदा काटेकोरपणे वाढला तरच उचल’ असं लिहिलं तर तो कुणालाच उचलत नाही आणि पावस, नेवरे बेवारस दिसतात. मर्यादा तीच राहते, पण उल्लंघन शून्य येत नाही आणि पद्धत उगाच चालत राहते. बरोबरी असताना अजून कुणी न उचललेलं गाव पसंत करा, असा नियम घातला की हातखंबा पावस आणि नेवरे उचलतो (माल १०, क्षमता १२), सगळी उल्लंघनं शून्य होतात आणि समोरचं वाटप सर्वोत्तम असल्याचं तिथेच कळतं. समानतेच्या अटींत उल्लंघन शून्य एवढंच पुरतं. क्षमतेच्या अटी शिथिल केल्या असतील तर ते पुरत नाही: ज्या अटीचा गुणक धन आहे, तिची क्षमता पूर्ण भरलेली असायला हवी.

१७ फेब्रुवारी

नॅपसॅक नेमका सुटायला हवा. इथे घाईघाईचं उत्तर चालत नाही, कारण उपप्रश्नाचं किमान चुकलं तर `L` खरा असायला हवा त्यापेक्षा वर जातो आणि मर्यादा मर्यादा राहत नाही. वरच्याच उदाहरणात फायद्याच्या दराने गावं लावली आणि पहिलं न बसणारं गाव आलं की थांबलो, तर मिरजोळ्याला एकटा गोळप मिळतो, फायदा ६, आणि ‘मर्यादा’ ३० येते. २८ चं वाटप हातात असताना ३० च्या खाली काही नाही असा दावा! म्हणून कोडमध्ये एक तपासणी कायमची आहे: `L` कधीही `UB` पेक्षा मोठा झाला तर थांबा. कारण बहुतेक वेळा दोनच असतात, गुणकाचं चिन्ह उलटं लागलेलं किंवा उपप्रश्न अर्धवट सुटलेला.

नॅपसॅक नेमका सोडवणाऱ्या डायनॅमिक प्रोग्रामिंगच्या तक्त्यासाठी पेट्या शंभरांत गोल करण्याचा मोह होतो. ५६० पेट्यांचे ६ एकक केले तर प्रत्यक्षात बसणारं वाटप तक्त्यात बसेनासं होऊ शकतं, आणि मर्यादा पुन्हा खोटी. गोल करायचंच असेल तर माल खाली आणि क्षमता वर. मर्यादा थोडी सैल होते, पण खरी राहते. वाटप चालतं की नाही ते मात्र मूळ पेट्यांवरच तपासायचं. आम्ही गोल करणं सोडून दिलं: ६० गावं आणि १,००० पेट्यांची क्षमता म्हणजे ६०,००० खणांचा तक्ता, तो चटकन भरतो. वजन किलोत घ्यायचं झालं तर हा विचार पुन्हा करावा लागेल.

१९ फेब्रुवारी

२८ चं वाटप कसं मिळालं ते. शिथिल प्रश्नाचं उत्तर घ्यायचं आणि डागडुजी करायची. लॅम्डा शून्य असताना सगळी गावं मिरजोळ्याला, माल २०. एककामागे सर्वात कमी जादा खर्च असलेलं गाव आधी हलवा: नेवरे (२/५), मग मालगुंड (२/४). माल ११, अजून १ जास्त. मग पावस (४/५). आता मिरजोळ्याला ६ उरले, पण हातखंब्याला १४ झाले आणि तिथली क्षमता १२. इथे थांबलं तर वाटपच बाद. म्हणून ‘परत आणा’ ही पायरी हवी: जागा झाल्यावर आधी हलवलेल्यांपैकी कोण बसतो ते पाहा. मालगुंडचे ४ बरोबर बसतात. गोळप आणि मालगुंड मिरजोळ्याला, पावस आणि नेवरे हातखंब्याला, खर्च ४ + ६ + ९ + ९ = २८.

ही डागडुजी प्रत्येक फेरीत करावी, फक्त शेवटी नाही. गुणक बदलले की सुरुवातीचं वाटप बदलतं, आणि चांगलं वाटप अनेकदा मर्यादा अजून कच्ची असतानाच हाती लागतं.

२४ फेब्रुवारी

कमजोर मर्यादाही टाकून द्यायची नसते. लॅम्डा ०.८ वरच्या २६.८ चा हा उपयोग पाहा. २८ पेक्षा चांगलं वाटप असेल तर त्याचा खर्च २७ किंवा कमी. आता एकेका गावाला जबरदस्तीने दुसरीकडे पाठवून मर्यादा किती वाढते ते बघू.

गोळप हातखंब्याला: ८.८ ऐवजी १०, मर्यादा २८.० होते. नेवरे मिरजोळ्याला: ९ ऐवजी ११, मर्यादा २८.८. मालगुंड मिरजोळ्याला: ८ ऐवजी ९.२, मर्यादा २८.०. तिन्ही २७ च्या वर. म्हणजे २८ पेक्षा स्वस्त वाटप असलंच, तर त्यात गोळप मिरजोळ्याला आणि नेवरे, मालगुंड हातखंब्याला असायलाच हवेत. उरलं एकटं पावस. ते मिरजोळ्याला गेलं तर तिथे ११, हातखंब्याला गेलं तर तिथे १४. दोन्ही क्षमतेबाहेर. म्हणून स्वस्त वाटप नाही, २८ सर्वोत्तम. नॅपसॅकला हात न लावता हेच सिद्ध झालं.

कोडमध्ये तुलना `UB` शी थेट करू नये. २६.८ + १.२ संगणकात २७.९९९९९९ येऊ शकतं आणि गाव उगाच मोकळं राहतं. खर्च पूर्णांक असल्यामुळे `bound > UB - 1 + 1e-6` ही कसोटी पुरते, आणि ती जास्त गावं पक्की करते.

२७ फेब्रुवारी

पूर्ण यादीसाठी ठरलेला क्रम. आधी क्षमता शिथिल करून गुणक काढायचे, ते स्वस्त पडतं. त्यावर डागडुजी करून `UB` घ्यायचा आणि गावं पक्की करायची. उरलेल्या गावांवर गावाची अट शिथिल करून नॅपसॅकची मर्यादा. `L` वर गोल करून `UB` ला भिडला नाही, तर मोकळी राहिलेली गावंच तेवढी HiGHS या पूर्णांकी प्रश्न सोडवणाऱ्या सॉल्व्हरला द्यायची, पक्की केलेली गावं त्यांच्या पॅकहाऊसच्या क्षमतेतून वजा करून. फेरीगणिक नोंदीत `L`, आतापर्यंतचा सर्वोत्तम `L`, `UB`, थीटा, `sum(g_i^2)` आणि मोकळ्या गावांची संख्या. गुणकांची शेवटची किंमत साठवून ठेवायची: एप्रिलमध्ये माल रोज थोडा-थोडा बदलतो, आणि कालच्या गुणकांपासून सुरुवात केली की आजच्या फेऱ्या बऱ्याच वाचतात. खालची मर्यादा मात्र आजच्या आकड्यांवर नव्याने मोजायची. कालचे गुणक चालतात, कालचा `L` चालत नाही.